अप्रेझलचा मेल : पगाराच्या तारखेपासून उलटी मोजणी

मार्च संपत आला की कंपनीच्या एचआर विभागाकडून सगळ्या लाइन मॅनेजरांना एक मेल जातो. वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन कधी सुरू होणार, कोणी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि तारीख चुकली तर काय होणार, हे त्या मेलमध्ये असते. लाइन मॅनेजर म्हणजे ज्याच्या हाताखाली माणसे थेट काम करतात आणि जो त्यांची रजा मंजूर करतो तो माणूस. कारखान्यात तो शिफ्ट इन्चार्ज असेल, हेड ऑफिसात अकाउंट्सचा मॅनेजर, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. माणसाचे रोजचे काम त्यानेच पाहिलेले असते, म्हणून मूल्यमापनाची पहिली जबाबदारीही त्याचीच. एचआरचे काम असते ते ही जबाबदारी चाळीस-पन्नास जणांकडून एकाच वेळापत्रकात पार पाडून घेण्याचे, आणि त्यासाठी हातात असलेले मुख्य साधन म्हणजे हा मेल.

बहुतेक भारतीय कंपन्यांत अप्रेझलचे वर्ष आर्थिक वर्षाबरोबर चालते, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. पगारवाढ १ एप्रिलपासून लागू होते, पण मूल्यमापन एप्रिल-मे महिन्यांत चालते. त्यामुळे वाढलेला पगार हातात पडतो तो मे किंवा जूनमध्ये, आधीच्या महिन्यांच्या फरकासह. कारखान्यातले जे कामगार युनियनच्या करारात येतात, त्यांची पगारवाढ वेतनकरारानेच ठरते. अप्रेझलचा मेल असतो तो स्टाफसाठी.

तारखा मागून पुढे ठरतात

वेळापत्रक वाचले जाते पहिल्या तारखेपासून, पण आखले जाते शेवटच्या तारखेपासून. एक नमुना घेऊन पाहू. पुण्यातली एक इंजिनिअरिंग कंपनी, हेड ऑफिस शहरात, कारखाना भोसरीत, अप्रेझल लागू असलेला स्टाफ ४०० आणि लाइन मॅनेजर ४५, असे धरू. मे २०२६ चा पगार शुक्रवारी, २९ मे रोजी बँकेत जमा व्हायचा आहे आणि त्यात सुधारित रक्कम यायला हवी. पगार काढणाऱ्यांना नवे आकडे भरून, तपासून, प्राप्तिकराची कपात पुन्हा मोजून घ्यायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून अंतिम यादी त्यांच्याकडे बुधवारी, २० मे रोजी पोचली पाहिजे. या तारखेला मागेपुढे करता येत नाही. बाकी सगळ्या तारखा हिच्या मागे रांगेत उभ्या राहतात.

२० मेच्या आधी हरकतींचा निकाल लागलेला हवा. रेटिंग मान्य नसलेल्या माणसाला लेखी हरकत घेण्यासाठी १५ मेपर्यंत मुदत दिली, तर निकालासाठी १८ आणि १९ मे हे दोन दिवस उरतात. हरकत घ्यायची तर आधी रेटिंग कळलेले हवे. म्हणून मॅनेजरने आपल्या माणसांशी चर्चा करायची ती ४ ते १२ मे या काळात. चर्चेला बसण्याआधी रेटिंग पक्के झालेले हवे, म्हणून सगळ्या विभागांच्या कॅलिब्रेशनच्या बैठका २७ ते २९ एप्रिलला. त्या बैठकांसाठी मॅनेजरांचे मूल्यमापन २२ एप्रिलपर्यंत आलेले हवे. त्याआधी, १० एप्रिलपर्यंत, प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले स्व-मूल्यमापन भरलेले हवे. आणि हे सगळे मॅनेजरांना आठवडाभर आधी कळावे म्हणून मेल जातो सोमवारी, २३ मार्चला.

अशी उलटी मोजणी करताना कॅलेंडर शेजारी उघडे लागते. एप्रिल २०२६ मध्ये ३ तारखेला गुड फ्रायडे आहे आणि १४ तारखेला, मंगळवारी, आंबेडकर जयंती. १ मेला, शुक्रवारी, महाराष्ट्र दिन असल्याने शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि निम्मे ऑफिस गावी जाते. त्यामुळे चर्चेसाठी सहा-सात कामाचे दिवस ठेवावेच लागतात. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून वरच्या वेळापत्रकातली एकही शेवटची तारीख गुरुवारी ठेवलेली नाही.

मॅनेजरला किती वेळ लागेल, हेही मोजून पाहावे लागते. एका माणसाचे स्व-मूल्यमापन वाचून, वर्षभराच्या नोंदी चाळून, शेरा लिहायला चाळीस मिनिटे धरली, तर दहा जणांच्या टीमला सुमारे सात तास लागतात. ११ ते २२ एप्रिल या काळात हेड ऑफिसात कामाचे सात दिवस मिळतात, म्हणजे रोजचा एक तास. हा हिशेब मेल पाठवण्याआधी एचआरने केला नसेल, तर तारीख कागदावर राहते आणि मुदतवाढीच्या मागण्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

मेलमध्ये काय असावे

मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये रोज शंभरभर मेल येतात. त्यामुळे त्याचे काम आणि त्याची तारीख विषयाच्या ओळीतच दिसली पाहिजे. वरच्या नमुन्यातल्या कंपनीचा मेल असा असू शकतो :

> विषय : वार्षिक अप्रेझल २०२५–२६ : आपल्या टीमचे मूल्यमापन बुधवार, २२ एप्रिल, सायं. ६ पर्यंत
>
> नमस्कार,
>
> १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे अप्रेझल १ एप्रिलला सुरू होत आहे. सुधारित पगार एप्रिलच्या फरकासह २९ मे रोजी द्यायचा आहे. त्यासाठी आपल्याकडून तीन कामे हवी आहेत.
>
> १. शुक्रवार, १० एप्रिल, सायं. ६ पर्यंत : टीममधील प्रत्येकाने स्व-मूल्यमापन भरले आहे याची खात्री करून घ्यावी.
>
> २. बुधवार, २२ एप्रिल, सायं. ६ पर्यंत : प्रत्येकाचे रेटिंग आणि लेखी शेरा सिस्टिममध्ये भरून ‘सबमिट’ करावा. ‘सेव्ह’ केलेला फॉर्म अपूर्ण धरला जाईल.
>
> ३. सोमवार, ४ मे ते मंगळवार, १२ मे : प्रत्येकाशी स्वतंत्र, किमान अर्धा तास चर्चा करावी आणि ती झाल्याची नोंद करावी.
>
> कॅलिब्रेशनच्या बैठका २७ ते २९ एप्रिलला आहेत. २९ एप्रिलला रेटिंग पक्के होईपर्यंत ते टीममधील कोणालाही सांगू नये.
>
> मुदतवाढ : लेखी कारणासह २० एप्रिलपर्यंत मागितल्यास जास्तीत जास्त दोन कामाचे दिवस मिळतील.
>
> मुदत उलटल्यास : २३ एप्रिलला सकाळी ११ वाजता आपल्या वरिष्ठांना आणि २४ एप्रिलला दुपारी ४ वाजता विभागप्रमुखांना अपूर्ण फॉर्मची माहिती दिली जाईल. २७ एप्रिलच्या सकाळीही फॉर्म अपूर्ण असल्यास ते मूल्यमापन आपले वरिष्ठ करतील.
>
> टीममध्ये बदली होऊन आलेले, प्रोबेशनवर असलेले, दीर्घ रजेवर गेलेले किंवा राजीनामा दिलेले कोणी असल्यास सोबतचा तक्ता पाहावा. शंका असल्यास आपल्या विभागाच्या एचआर प्रतिनिधीशी ३ एप्रिलच्या आत बोलावे.

या मेलमध्ये अप्रेझलचे महत्त्व सांगणारा परिच्छेद नाही. प्रत्येक ओळीत कोणीतरी करायचे काम आहे किंवा एखादा नियम आहे. तारखेबरोबर वार आणि वेळ आहे, कारण नुसते ‘२२ एप्रिलपर्यंत’ लिहिले की कोणी ते सकाळपर्यंत समजतो, कोणी मध्यरात्रीपर्यंत. ‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ यांचा उल्लेखही मुद्दाम केला आहे. फॉर्म भरला पण शेवटचे बटण दाबले नाही, हा गोंधळ दरवर्षी होतो. मॅनेजर प्रामाणिकपणे सांगतो की त्याने काम संपवले, आणि एचआरच्या यादीत त्याचे नाव अपूर्णांत दिसत राहते.

सोबतच्या तक्त्याला फार किंमत आहे, कारण फॉर्म अडकतात ते अशाच माणसांचे ज्यांच्याबद्दल नियम स्पष्ट नसतो. १ ऑक्टोबरनंतर रुजू झालेल्याचे मूल्यमापन या वर्षी करायचे की पुढच्या? बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या कर्मचारी महिलेचे मूल्यमापन कोणत्या काळाचे? याचे न्याय्य उत्तर असे की तिने प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांचेच, आणि रजेमुळे रेटिंग खाली येता कामा नये. वर्षाच्या मध्यात बदली झालेल्याबद्दल कोण लिहिणार? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका ओळीत आधीच दिले, तर एप्रिलमधले फोन निम्म्याने कमी होतात.

रेटिंग आधी सांगण्याचा धोका

कॅलिब्रेशनची बैठक म्हणजे एका विभागातले मॅनेजर, त्यांचे प्रमुख आणि एचआर यांनी एकत्र बसून रेटिंगची तुलना करणे. एक मॅनेजर हात सैल सोडून सगळ्यांना पाचपैकी चार देतो, दुसरा कडक असल्याने तीनच्या वर जात नाही. अशा वेळी सारखेच काम करणाऱ्या दोघांना वेगळी पगारवाढ मिळते. बैठकीत प्रत्येकाला आपल्या रेटिंगमागचे पुरावे द्यावे लागतात, आणि काही आकडे वर जातात तर काही खाली येतात.

म्हणूनच मेलमधली ‘रेटिंग कोणालाही सांगू नये’ ही ओळ सगळ्यांत जपायची. मॅनेजरने चहाच्या वेळी ‘तुला चार दिलेत’ असे बोलून टाकले आणि बैठकीत त्याचे तीन झाले, तर त्या माणसाच्या दृष्टीने कंपनीने त्याचा एक गुण काढून घेतलेला असतो. पुढची चर्चा कामाबद्दल राहत नाही, ती त्या हरवलेल्या गुणाबद्दल होते. १५ मेपर्यंत येणाऱ्या हरकतींचे एक ठरलेले मूळ इथेच असते. २९ एप्रिलनंतर एचआरने मॅनेजरांना दुसरा, छोटा मेल पाठवून पक्के रेटिंग आणि बदल झाला असल्यास त्याचे कारण कळवायचे असते. कारण हातात नसेल, तर मॅनेजर ‘वरून बदलले’ एवढेच सांगून मोकळा होतो आणि चर्चा तिथेच संपते.

मुदत उलटल्यावर

एस्कलेशन, म्हणजे अडलेले काम एक पायरी वर नेणे, हा शब्द ऐकला की तक्रार झाल्यासारखे वाटते. ते तसे वाटू नये म्हणूनच पायऱ्या पहिल्याच मेलमध्ये लिहिलेल्या असतात. आधी जाहीर केलेल्या वेळी, आधी जाहीर केलेल्या माणसाकडे माहिती गेली, तर तो नियमाचा भाग ठरतो. अचानक वरिष्ठांना सीसीत घातले, तर त्याच माहितीने अपमान होतो.

नमुन्यातल्या वेळापत्रकात २२ एप्रिलची मुदत आणि २७ एप्रिलची बैठक यांच्यामध्ये २३ आणि २४ एप्रिल हे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवलेले आहेत. सगळे एस्कलेशन या दोन दिवसांत बसवायचे असते. त्याआधी, शुक्रवारी, १७ एप्रिलला, ज्यांचे फॉर्म बाकी आहेत फक्त त्यांनाच आठवण जाते आणि त्यात त्यांच्याच टीममधली बाकी नावे असतात. काम पूर्ण केलेल्यांनाही तीच आठवण पाठवली, तर पुढच्या वेळी एचआरचा मेल कोणीच उघडत नाही.

आता दोन मॅनेजर पाहू. अकाउंट्सच्या मॅनेजरकडे नऊ जण आहेत आणि एप्रिल हा त्यांच्या इयर-एंडचा महिना. ऑडिटर टेबलावर बसलेले असतात. १७ एप्रिलची आठवण मिळाली तेव्हा नऊही फॉर्म बाकी होते. त्याने २० तारखेला कारण लिहून दोन दिवस मागितले. त्याच्या विभागाचे कॅलिब्रेशन २९ एप्रिलला असल्याने एचआरने २४ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. हे एस्कलेशन नाही; नियमात बसणारी मुदतवाढ आहे. पुढच्या वर्षी अकाउंट्सची बैठक शेवटच्याच दिवशी ठेवायची, ही नोंद एचआरने आताच करून ठेवायची.

स्टोअर्सच्या मॅनेजरने मात्र काहीच मागितले नाही. त्याच्या आठपैकी तीनच फॉर्म सबमिट झाले होते आणि स्टोअर्सची बैठक सोमवारी, २७ एप्रिलला सकाळी साडेअकराला होती. २३ तारखेला ११ वाजता त्याच्या वरिष्ठांना मेल गेला :

> स्टोअर्समधील ८ पैकी ५ जणांचे मूल्यमापन २२ एप्रिलच्या मुदतीनंतरही अपूर्ण आहे. या विभागाचे कॅलिब्रेशन सोमवारी, २७ एप्रिलला, सकाळी ११.३० वाजता आहे. तोपर्यंत फॉर्म न आल्यास या पाच जणांचे रेटिंग बैठकीत घेता येणार नाही आणि त्यांचा सुधारित पगार मेमध्ये न मिळता जूनमध्ये जाऊ शकतो. कृपया आज दुपारी ४ पर्यंत अडचण काय आहे ते कळवावे.

या मेलमध्ये मॅनेजरबद्दल एकही विशेषण नाही. किती बाकी आहे, केव्हापर्यंत हवे, न आल्यास कोणाचे नुकसान आणि वरिष्ठांनी आता काय करायचे, एवढेच आहे. मेल मॅनेजर आणि त्याचे वरिष्ठ या दोघांनाच जातो. ४५ मॅनेजरांच्या ग्रुपवर मागे पडलेल्यांची यादी टाकली जात नाही. तशी यादी टाकली की फॉर्म येतात हे खरे, पण रागाने पाच मिनिटांत भरलेले येतात.

वरिष्ठांनी फोन केल्यावर कारण कळले. बाकी राहिलेल्या पाचांपैकी चौघे जानेवारीत डिस्पॅच विभागातून बदली होऊन आले होते. नऊ महिन्यांचे त्यांचे काम स्टोअर्सच्या मॅनेजरने पाहिलेच नव्हते. काय लिहावे हे सुचेना म्हणून त्याने फॉर्म उघडून ठेवले होते. एचआरने त्याच दिवशी डिस्पॅचच्या मॅनेजरकडून चौघांबद्दल लेखी टिपणे मागवली आणि २४ तारखेला तीन वाजता पाचही फॉर्म पूर्ण झाले. विभागप्रमुखांपर्यंत जाण्याची चार वाजताची पायरी लागलीच नाही. एस्कलेशनचा खरा उपयोग हा असतो. फॉर्म आळसामुळे अडला आहे की माहितीअभावी, हे एक पायरी वर गेल्यावर लवकर कळते. मात्र तक्त्यातला बदलीचा नियम अधिक स्पष्ट असता, तर टिपणे बदलीच्या वेळीच, जानेवारीत, घेता आली असती.

शेवटची पायरी, म्हणजे वरिष्ठांनी स्वतः मूल्यमापन करणे, क्वचितच वापरावी लागते. पण ती नसेल तर आधीच्या पायऱ्यांना वजन राहत नाही. केंद्र सरकारच्या वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवालात, म्हणजे ‘अपार’मध्ये, हाच विचार कडक नियमाच्या रूपात दिसतो. कार्मिक आणि प्रशिक्षण विभागाने २००९ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार कोरे फॉर्म ३१ मार्चपर्यंत वाटायचे, कर्मचाऱ्याने स्व-मूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यायचे, प्रतिवेदन अधिकाऱ्याने ३० जूनपर्यंत लिहायचे आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याने ३१ जुलैपर्यंत. ३० जून उलटला आणि अहवाल लिहिलेला नसला, तर प्रतिवेदन अधिकाऱ्याचा शेरा लिहिण्याचा अधिकारच संपतो आणि अहवाल वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. पूर्ण झालेला अहवाल कर्मचाऱ्याला दाखवला जातो आणि त्यावर निवेदन देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात. खासगी कंपनीत महिन्यांऐवजी दिवस असतात, पण मांडणी तीच : कोणाच्याही दिरंगाईने माणसाचे मूल्यमापन अडून राहू नये.

वेळेत आलेले, पण पोकळ

सगळे फॉर्म २२ तारखेला आले म्हणून मूल्यमापन झाले असे होत नाही. मुदतीचा दट्ट्या काम वेळेवर आणतो. ते मन लावून केले आहे याची खात्री तो देत नाही. ती खात्री २३ आणि २४ एप्रिललाच करून घ्यावी लागते. सिस्टिममध्ये प्रत्येक फॉर्म सबमिट झाल्याची वेळ नोंदलेली असते. एकाच मॅनेजरचे आठ फॉर्म पंधरा मिनिटांत आलेले दिसले, सगळ्यांना ‘तीन’ मिळाले असले किंवा तेच वाक्य चार फॉर्मांत आढळले, तर ते फॉर्म बैठकीआधी परत पाठवलेले बरे.

परत पाठवताना काय हवे तेही सांगावे लागते. ‘काम चांगले आहे, आणखी सुधारणा व्हावी’ या शेऱ्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘सप्टेंबरमध्ये एका पुरवठादाराने माल थांबवला तेव्हा यांनी चार दिवसांत दुसरा पुरवठादार उभा केला आणि लाइन बंद पडली नाही, मात्र साठ्याची मासिक मोजणी वर्षात तीनदा उशिरा झाली’ असे लिहिले, तर बैठकीत रेटिंगचा आधार मिळतो आणि चर्चेत त्या माणसाला आपले काम कोणीतरी पाहिले आहे हे कळते. एप्रिलमध्ये लिहिणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चच तेवढे ठळक आठवतात, म्हणून वरच्यासारखा सप्टेंबरचा दाखला फॉर्ममध्ये असणे ही मॅनेजरने वर्षभर नोंदी ठेवल्याची खूण असते.

१२ मेनंतर चर्चेच्या नोंदीही अशाच तपासाव्या लागतात. मॅनेजरने ‘चर्चा झाली’ अशी खूण केली की कर्मचाऱ्याला सिस्टिममधून त्याची पोच देता यावी. खूण आहे पण पोच नाही, अशी जोडी दिसली, तर बहुधा चर्चा झालेली नसते किंवा जिन्यात दोन मिनिटांत उरकलेली असते. १५ मेपर्यंत आलेली हरकत त्याच मॅनेजरकडे निकालासाठी देता येत नाही. ती त्याचे वरिष्ठ आणि एचआर मिळून ऐकतात आणि १९ मेपर्यंत लेखी उत्तर देतात. एखाद्या हरकतीला जास्त वेळ लागणार असेल, तर बाकी ३९९ जणांचे पगार थांबवायचे कारण नाही. त्या एकाला कारण कळवून त्याचा फरक जूनच्या पगारात द्यायचा.

२० मेला यादी पगार विभागाकडे गेली आणि २९ मेला पगार जमा झाला, की जूनच्या पहिल्या आठवड्यात एचआरने मॅनेजरांना या चक्राचा शेवटचा मेल पाठवायचा. नव्या वर्षाची उद्दिष्टे टीमबरोबर बसून कोणत्या तारखेपर्यंत ठरवायची, आणि कामाच्या नोंदी दर तीन महिन्यांनी कुठे लिहायच्या, हे त्यात असते. एचआरच्या स्वतःच्या फाइलमध्ये मात्र आणखी एक पान जोडलेले असावे : किती जणांनी मुदतवाढ मागितली, किती फॉर्म कोणत्या पायरीपर्यंत गेले, किती परत पाठवावे लागले आणि प्रत्येक वेळी कारण काय निघाले. पुढच्या मार्चमध्ये उलटी मोजणी सुरू करताना सगळ्यांत आधी हेच पान उघडायचे असते.